कापसाची फाइल उघडते, तुरीची उघडत नाही

फेब्रुवारीत आमच्या गावात तुरीची मापं सुरू होती. शनिवारी संध्याकाळी पुतण्या लॅपटॉप काखोटीला मारून ओसरीवर आला. तो अमरावतीला डिप्लोमा करतो आणि सुट्टीला एसटीनं घरी येतो. गावातल्या पंधरा-वीस शेतकऱ्यांनी मिळून माल विकायचं ठरवलं, तेव्हापासून कोणाचे किती क्विंटल गेले आणि काय भाव लागला, हे लिहायचं काम त्याच्याकडेच आलं. हिशेब आधी वहीत होता, मग एक्सेलमध्ये गेला आणि यंदा त्यानं हौसेनं पायथनमध्ये बेरजेचा एक छोटा प्रोग्राम लिहिला.

"काका, कापसाची फाइल उघडते, तुरीची काहून नाही उघडत? दोन्ही डी ड्राइव्हवरच हायेत, पाय ना."

पाहिलं. दोन ओळी होत्या.

```
open("D:\kapus\wardha.csv")
open("D:\tur\nagpur.csv")
```

पहिली बिनतक्रार चालत होती. दुसरीपाशी आलं की प्रोग्राम हे ओकून बंद पडायचा:

```
OSError: [Errno 22] Invalid argument: 'D:\tur\nagpur.csv'
```

पोरानं दोन तास घालवले होते. फाइल जागेवर होती, स्पेलिंग बरोबर होतं, माउसनं डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये उघडत होती. कापसाची चांगली चालणारी फाइल त्यानं तुरीच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकली, तर तीही उघडेना. "तुरीलेच काही लागलं बाप्पा," असं म्हणून तो लॅपटॉप बंद करायच्या बेतात होता.

मी तालुक्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की स्क्रीन दिसताक्षणी समजलं. दुरुस्ती सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण त्यानं पुढचा प्रश्न विचारला आणि बसावं लागलं. "कॉलेजातल्या लिनक्सवर सरळ स्लॅश चालते, मॅकवर चालते, वेबसाइटच्या पत्त्यातबी सरळच राहते. मंग विंडोजवरच हे उलटी कायले ठेवली?"

त्याचं उत्तर तुरीच्या फाइलीपर्यंतच जातं, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

फोल्डरचा पाथ म्हणजे पत्ता. आपण जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर अशा क्रमानं जमिनीपर्यंत पोहोचतो. पाथ तसाच ड्राइव्ह, फोल्डर, त्यातलं फोल्डर आणि शेवटी फाइल असा जातो. दोन नावांच्या मध्ये काहीतरी खूण लागते, नाहीतर एक नाव कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं हे यंत्राला कळायचं नाही. आणि जी खूण त्या कामाला लावली, ती मग नावात वापरता येत नाही. म्हणून विंडोजवर सातबाऱ्याच्या फाइलीला 7/12 असं नाव देऊन बघा, ते घेतच नाही. गट नंबर 45/2 चंही तेच. आमच्याकडे सगळे 7-12 लिहितात ते ह्याचमुळे.

आता ही खूण कोणती असावी, ह्याला निसर्गाचा काही नियम नाही. मल्टिक्स नावाच्या जुन्या प्रणालीत ती `>` अशी होती. मल्टिक्सवर काम केलेल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स उभी केली, तेव्हा सरळ स्लॅश घेतला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. लिनक्स युनिक्सच्याच चालीवर बांधलेलं आहे. आजचं मॅकओएसही युनिक्सच्या घराण्यातलं आहे, म्हणून दोन्हीकडे सरळ स्लॅश आला. वेबचे पत्तेही त्याच वळणानं गेले.

युनिक्सवाल्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, जी पुढच्या भानगडीत महत्त्वाची ठरते. हुकूम देताना सोबत बारीकसारीक सूचना द्यायच्या असतील, तर त्यांनी त्यासाठी आडवी रेघ वापरली. फायलींची यादी दाखव म्हणजे `ls`, आणि सविस्तर दाखव म्हणजे `ls -l`. ह्या सूचनांना स्विच म्हणतात. आडवी रेघ स्विचला गेल्यामुळे सरळ स्लॅश पाथसाठी मोकळा राहिला.

दुसरं घराणं डॉसचं, ज्यातून पुढं विंडोज आलं. १९८० साली सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स ह्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी एक छोटी प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीसोबत ती डॉस म्हणून बाजारात आली. ह्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या वेळच्या फ्लॉपीत १६० किलोबाइट मावायचे आणि फायली जास्तीत जास्त ६४. पन्नास-साठ घरांच्या तांड्यावर पत्ता कोण विचारतो? नाव घेतलं की घर सापडतं. डॉसचं तसंच होतं, A: म्हणजे कोणती फ्लॉपी ते सांगायचं आणि पुढं फाइलीचं नाव. पाथच नाही, तर पाथची खूण कुठून असणार.

मात्र स्विच होते. डेक कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर हुकुमापुढं सरळ स्लॅश मारून सूचना द्यायची पद्धत होती, तीच चाल डॉसच्या हुकुमांतही आली. आयबीएमनं सोबत दिलेले छोटे प्रोग्रामही तिच्याच अंगवळणी पडलेले होते. ती आजच्या विंडोजमध्येही जशीच्या तशी आहे. फायलींची यादी म्हणजे `dir`, आणि यादी रुंदीत पसरून दाखव म्हणजे `dir /w`. म्हणजे युनिक्सनं जी खूण पत्त्याला दिली, ती डॉसनं सूचनेला देऊन टाकली होती. तेव्हा ह्यात कोणाला काही खटकलं नाही, कारण पत्ता नावाची चीजच नव्हती.

मार्च १९८३ मध्ये खटकलं. आयबीएमनं पीसी एक्सटी आणला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. फ्लॉपीच्या साठपट जागा. तांड्याचं एकदम तालुक्याचं गाव झालं. आता हजारो फायली एकाच ढिगात टाकून चालणार नव्हतं. सोबत आलेल्या डॉस २.० मध्ये मायक्रोसॉफ्टनं फोल्डर आणले. फोल्डरची कल्पना त्यांना नवी नव्हती, झेनिक्स ह्या नावानं ते स्वतः युनिक्स विकत होते. त्यामुळे युनिक्ससारखाच सरळ स्लॅश घ्यावा, असं वाटणं साहजिक होतं. मायक्रोसॉफ्टमधले जुने अभियंते लॅरी ऑस्टरमन यांनी नंतर हा किस्सा लिहून ठेवला आहे. अडचण आयबीएमकडून आली. सरळ स्लॅश स्विचला गेलेला आहे, दोन वर्षांत लोकांनी त्यावर हुकूम आणि हुकुमांच्या याद्या असलेल्या बॅच फायली लिहून ठेवल्या आहेत, त्या मोडता येणार नाहीत. मग कीबोर्डवर सरळ स्लॅशसारखीच दिसणारी, पण दुसऱ्या बाजूला कललेली खूण होती, ती घेतली.

इथं पुतण्यानं विचारलं, "दोन्ही कामाले एकच स्लॅश ठेवली असती तं काय बिघडलं असतं? मशीन समजून नसतं घेतलं?"

हे तोंडानं सांगण्यापेक्षा करून दाखवणं बरं. त्याच्या लॅपटॉपवर काळ्या खिडकीचं कमांड प्रॉम्प्ट उघडलं. डी ड्राइव्हवर `w` नावाचं एक फोल्डर बनवायला लावलं, वर्ध्याचं आद्याक्षर म्हणून. मग हे दोन हुकूम दिले:

```
dir D:\w
dir D:/w
```

पहिल्यानं वर्ध्याच्या फोल्डरमधल्या फायली दाखवल्या. दुसऱ्यानं ड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांची नावं आडवी पसरून दाखवली. दुसऱ्या हुकुमात `w` हे फोल्डर आहे, हे विंडोजच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्याला वाटलं, हा माणूस यादी रुंदीत मागतोय. फोल्डरचं नाव `w` असू शकतं आणि स्विचही `w` आहे, मग दोघांना एकच खूण दिली तर कोणाचं ऐकायचं? मग म्हटलं, आता कापसाला सरळ स्लॅश लावून बघ.

```
dir D:/kapus
Invalid switch - "kapus".
```

`kapus` नावाचा स्विच मला माहीत नाही, असं ते म्हणतंय. १९८३ साली ज्या भांडणावरून उलटा स्लॅश आला, ते भांडण आजही कोणत्याही विंडोजवर दहा सेकंदांत बघायला मिळतं. हाच हुकूम अवतरणात टाकला, `dir "D:/kapus"`, तर मात्र मुकाट चालतो.

आणि तो चालतो ही ह्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी बाब आहे. डॉस लिहिणाऱ्यांना उलटा स्लॅश मनापासून पटलेला नव्हता. म्हणून त्यांनी खालच्या थरात, जिथं फाइल प्रत्यक्ष उघडली जाते तिथं, दोन्ही स्लॅश पाथची खूण म्हणून चालतील अशी सोय करून ठेवली. अडचण फक्त वरच्या थरात राहिली, माणूस हुकूम टाइप करतो त्या ठिकाणी. एवढंच काय, डॉस २.० च्या `CONFIG.SYS` ह्या फाइलीत एक ओळ लिहायची मुभा होती:

```
SWITCHAR=-
```

ही लिहिली की स्विचला आडवी रेघ लागायची आणि सरळ स्लॅश पाथसाठी मोकळा व्हायचा, थेट युनिक्ससारखं. पण निम्म्या मशीनवर एक रीत आणि निम्म्यावर दुसरी, असं झालं तर दुसऱ्याची बॅच फाइल आपल्याकडे चालायची नाही. डॉस ३ मध्ये `CONFIG.SYS` मधली ही ओळ काढून टाकली. खालच्या थरातली सोय मात्र राहिली. ती विंडोजमध्ये आजही आहे. प्रोग्रामनं `D:/tur/nagpur.csv` असं मागितलं, तर विंडोज स्वतःच सरळ स्लॅश उलटे करून घेतं आणि फाइल देतं. पाथच्या सुरुवातीला `\\?\` ही खास निशाणी असेल तेव्हा मात्र ही अदलाबदल होत नाही, तिथं उलटाच लागतो. ती निशाणी फार लांब पाथसाठी वापरतात, आपल्या रोजच्या कामात सहसा लागत नाही.

इथवर हे सगळं नुसतं इतिहासातलं कुतूहल आहे. तूर अडकली ती पुढच्या वळणावर.

उलटा स्लॅश कॉम्प्युटरच्या अक्षरमालेत १९६१ मध्ये बॉब बेमर यांच्यामुळे आला. अल्गॉल ह्या प्रोग्रामिंग भाषेत "आणि", "किंवा" ह्यांच्या खुणा दोन स्लॅश जोडून, `/\` आणि `\/` अशा काढता याव्यात म्हणून. रोजच्या लिहिण्यात त्याचा काहीच उपयोग नव्हता. इंग्रजी मजकुरात तो येत नाही, हिशेबात येत नाही. अशी बिनकामाची खूण प्रोग्रामरला सोन्यासारखी असते, कारण तिला हवं ते काम लावता येतं. डेनिस रिची यांनी सी भाषा बनवताना तिला एक काम लावलं. मजकुरात जी अक्षरं टाइप करून दाखवता येत नाहीत, ती उलट्या स्लॅशनं सांगायची. `\n` म्हणजे इथून नवी ओळ. `\t` म्हणजे टॅब, रकान्यासाठी सोडलेली मोकळी जागा. `\b` म्हणजे एक घर मागं. `\a` म्हणजे घंटी वाजव, ही मात्र नंतर जोडली गेली. डॉसनं उलटा स्लॅश पाथला लावला, त्याच्या दहाएक वर्षं आधीची ही व्यवस्था. पुढं सीच्या पाठोपाठ जावा, जावास्क्रिप्ट, पायथन सगळ्यांनी ती उचलली.

म्हणजे ज्या खुणेवर आधीच एक बोजा होता, तीच डॉसनं पत्त्यासाठी घेतली. आता ती ओळ पुन्हा वाचा:

```
open("D:\tur\nagpur.csv")
```

आपण वाचतो डी ड्राइव्ह, तूर, नागपूर. पायथन वाचतं डी ड्राइव्ह, मग टॅब, मग `ur`, मग नवी ओळ, मग `agpur.csv`. तुरीतला `t` आणि नागपूरचा `n`, दोन्ही त्यानं गिळले. पुतण्याला हे पटेना, तेव्हा `open` च्या जागी `print` लिहायला लावलं.

```
print("D:\tur\nagpur.csv")
D:      ur
agpur.csv
```

"अरे बाप्पा!" एवढंच तो म्हणाला.

विंडोजवर फाइलीच्या नावात टॅब किंवा नवी ओळ चालत नाही, म्हणून त्यानं "हा पत्ताच चुकीचा आहे" असं म्हणून हात वर केले. एरर नंबर २२ चा अर्थ तोच. फाइल जागेवर नसती, तर नंबर २ आला असता आणि `No such file or directory` दिसलं असतं. दोन नंबर म्हणजे पत्ता नीट आहे पण घर सापडलं नाही, बावीस म्हणजे पाकिटावरचा पत्ताच वाचता येत नाही. पोरानं दोन तास घर शोधण्यात घालवले, चूक पाकिटावर होती.

आणि कापूस का उघडत होता? `\k` ला पायथनमध्ये काही अर्थ नाही आणि `\w` लाही नाही. अर्थ नसला की पायथन स्लॅश आहे तसाच ठेवतं. कापूस आणि वर्धा निव्वळ नशिबानं वाचले. पायथनच्या ३.१२ पासूनच्या आवृत्त्या अशा ठिकाणी `invalid escape sequence` असा इशारा तरी देतात, ह्याच्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती होती.

मला गंमत वाटली म्हणून आम्ही विदर्भाचे अकराही जिल्हे बारीक अक्षरांत टाइप करून बघितले. नागपूर `\n` मुळं तुटतं. अमरावती आणि अकोला `\a` मुळं, घंटी वाजवायला जातात. भंडारा आणि बुलढाणा `\b` मुळं. वर्धा, वाशीम, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदिया सहीसलामत. पाच गेले, सहा राहिले. पहिलं अक्षर मोठं केलं की हिशेब बदलतो. `\A` आणि `\B` ला अर्थ नाही म्हणून चार जिल्हे सुटतात, नागपूर मात्र तेव्हाही अडकतं, कारण `\N` ला पायथनमध्ये वेगळं काम आहे. विंडोजवर शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला जी ठेच लागते ती `C:\Users` ची, तिथं `\U` आडवा येतो आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. फाइलीला सालाचं नाव दिलंत तर आणखी निराळं. `"D:\2024.csv"` मधले `\202` हे तीन आकडे मिळून एकच अक्षर समजलं जातं आणि उरतो फक्त ४.

ही चूक ओळखायची एक खूण आहे, ती मी क्लासमध्ये मुद्दाम सांगतो, कारण पुस्तकात ती सहसा सापडत नाही. एररमध्ये छापलेला पाथ नीट बघा. पायथन एररमध्ये खरा उलटा स्लॅश नेहमी दुहेरी छापतं. म्हणजे कापसाच्या फाइलीचं नाव चुकलं असतं, तर एररमध्ये `'D:\\kapus\\wardh.csv'` असं दिसलं असतं. तुरीच्या एररमध्ये स्लॅश एकेरीच होते. एकेरी दिसले की समजायचं, ते स्लॅश नाहीतच, ते टॅब आणि नवी ओळ आहेत. पोराला एकेरी पाथ बघून "बरोबर तर आहे" असं वाटलं होतं. तो बरोबर दिसत होता, हाच पुरावा होता.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत. प्रत्येक स्लॅश दुहेरी लिहायचा, `"D:\\tur\\nagpur.csv"`. किंवा अवतरणाआधी `r` लावायचा, म्हणजे पायथन स्लॅशचा अर्थ लावत बसत नाही, `r"D:\tur\nagpur.csv"`. ह्यात एक मेख आहे, अशा मजकुराचा शेवट एकट्या उलट्या स्लॅशनं करता येत नाही, `r"D:\tur\"` ही चूकच धरली जाते. तिसरा मार्ग मला सगळ्यात सोयीचा वाटतो, सरळ स्लॅश लिहायचा:

```
open("D:/tur/nagpur.csv")
```

खालच्या थरातली ती चाळीस वर्षांपूर्वीची सोय इथं कामी येते. विंडोज आपण होऊन स्लॅश उलटे करतं, पायथनला मधे अडखळायला काही नाही. तूर उघडली.

पुतण्या सोमवारी अमरावतीला गेला आणि पुढच्या शनिवारी नवीच भानगड घेऊन आला. कॉलेजातल्या लिनक्सवर त्यानं प्रोग्रामचा जुना भाग चालवला होता, जिथं कापसाचा गोषवारा `"D:\kapus\wardha.csv"` असा लिहून ठेवायचा होता. एरर आला नाही, प्रोग्राम गुपचूप संपला. पण फोल्डर कुठंच तयार झालं नव्हतं. यादी बघितली तर हे होतं:

```
ls
'D:\kapus\wardha.csv'
```

ही एक फाइल आहे. लिनक्सवर नावात सरळ स्लॅश चालत नाही, पण उलटा स्लॅश आणि कोलन ही साधी अक्षरं आहेत, क आणि ख सारखी. त्यामुळे त्यानं अख्खा पत्ताच फाइलीचं नाव म्हणून ठेवून घेतला. घर बांधायचं सोडून पाटीवरच पूर्ण पत्ता रंगवून ठेवल्यासारखं. ती फाइल विंडोजसाठी बनवलेल्या पेन ड्राइव्हवर टाकायला गेला, तर तिथं ही अक्षरं चालत नाहीत म्हणून कॉपी होईना. आधी नाव बदलावं लागलं:

```
mv 'D:\kapus\wardha.csv' wardha.csv
```

इथं एकेरी अवतरण न विसरता टाकायचं. ते नसेल तर लिनक्सचं टर्मिनल उलटे स्लॅश स्वतःच खाऊन टाकतं, कारण त्याच्याकडेही त्या खुणेला आपलं वेगळं काम आहे.

मग प्रोग्राममधून `D:` च काढून टाकलं. प्रोग्राम आणि फायलींचे फोल्डर शेजारी शेजारी ठेवले आणि पाथ नुसता `"kapus/wardha.csv"` असा लिहिला. प्रोग्राम त्याच जागेवरून चालवला की तो लिनक्सवर चालतो, विंडोजवर चालतो आणि मॅकवरही चालतो. मॅकचा विषय निघाला म्हणून सांगतो, जुन्या मॅकमध्ये पाथची खूण कोलन होती. आजच्या मॅकवर फाइंडरमध्ये फाइलीला 7/12 असं नाव देता येतं, पण तीच फाइल टर्मिनलमधून बघितली तर 7:12 दिसते. आमच्या तलाठ्याकडे मॅक नाही, म्हणून निभावलं.

एक छोटा घोळ मधे राहिलाच. प्रोग्राम दुरुस्त करताना पुतण्यानं सरळ स्लॅशची कळ दाबली आणि स्क्रीनवर `य` उमटला, उलट्याची दाबली तर `ॉ`. शेतकऱ्यांची नावं लिहायला त्यानं मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला होता आणि तो बदलायचा राहिला होता. इनस्क्रिप्टमध्ये ह्या दोन्ही कळांवर मराठी अक्षरं बसलेली आहेत, पाथ लिहिण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा लागतो.

आणला. प्रोग्राम चालला, कापूस उघडला, तूर उघडली, दोन्हींची बेरीज आली. तुरीची बेरीज वहीपेक्षा चाळीस किलोनं कमी होती. पुतण्या पुन्हा स्लॅश तपासायला लागला. मी वही मागवली. तिसऱ्या पानावर एका पोत्याचं माप दोनदा लिहिलेलं होतं, दादाच्या हातचं.